मुलाखतींच्या थीम कशा लिहायच्या : शिक्षकांचे शब्द, कोड आणि त्यामधली जागा

प्रश्न : मी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय. नागपूर जिल्ह्यातल्या जि.प. शाळांमधल्या १२ शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या, १९० कोड निघाले, त्यांच्या ५ थीम केल्या : ऑनलाईन कामाचा ताण, पालकांचा सहभाग, भौतिक सुविधा, प्रशिक्षण, अध्ययन-अध्यापन. प्रत्येक थीमखाली शिक्षकांची वाक्यं दिली. गाईड म्हणतात, "हे विश्लेषण नाही, हे संकलन आहे." मग नक्की लिहायचं काय? आणि कोडिंगच्या पायऱ्या किती दाखवायच्या?

उत्तर :

तुमच्या पाच थीम वाचल्यावर मला तुमची प्रश्नावली न पाहता पाठ झाली. तुम्ही शिक्षकांना ऑनलाईन कामाबद्दल विचारलं, पालकांबद्दल विचारलं, इमारत-पाणी-शौचालयाबद्दल विचारलं, प्रशिक्षणाबद्दल विचारलं. उत्तरं आली, ती त्या त्या प्रश्नाखाली जमा केली. गाईड ज्याला संकलन म्हणताहेत ते हेच. कोड १९० असणं ही अडचण नाही. बारा मुलाखतींना तेवढे कोड सहज होतात.

हे मी कडू अनुभवातून सांगते. माझ्या स्वतःच्या प्रबंधात असेच सहा मथळे होते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी प्रकरण उघडलं आणि शांतपणे म्हणाले, "हे तुमचे प्रश्न आहेत. उत्तरं कोणत्या पानावर आहेत?" पुढची दहा मिनिटं मी काय बोलले ते मला आजही आठवायचं नाही. त्यानंतर गेली अठरा वर्षं बी.एड., एम.एड.च्या मुलांना संशोधन पद्धती शिकवतेय आणि दरवर्षी निदान चारपाच जणांच्या मसुद्यात मला माझं ते जुनं प्रकरण भेटतं.

आधी एक सांगून टाकते. थीमॅटिक अ‍ॅनालिसिस या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या रीती चालतात. तुमच्या गाईडना कोणती अपेक्षित आहे, विद्यापीठाच्या संशोधन समितीत आराखडा मांडताना तुम्ही कोणती लिहून दिली आहे, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. मी व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या पद्धतीने काम करते. त्यांचा २००६ चा लेख आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक प्रबंधात उद्धृत असतो, आणि त्यातल्या सहा पायऱ्यांचा तक्ता तर हमखास असतो : मजकुराशी ओळख, कोड काढणं, थीम शोधणं, थीम तपासणं, व्याख्या-नाव देणं, अहवाल लिहिणं. तक्ता उतरवून घेतला जातो, पण त्याच दोघींनी नंतर पुन्हा पुन्हा सांगितलेली गोष्ट मागे राहते. एका विषयावर कोण काय बोललं त्याचा गोषवारा म्हणजे थीम नव्हे. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या बोलण्यांना आतून बांधणारा एक अर्थ असला तरच ती थीम.

माझी घरगुती चाचणी सोपी आहे. थीमचं नाव मोठ्याने वाचायचं आणि विचारायचं, यावर कोणी "नाही, असं नाहीये" म्हणू शकेल का? "पालकांचा सहभाग" याला कोणी नाही म्हणणार नाही आणि हो पण म्हणणार नाही, कारण त्यात काही म्हटलेलंच नाही. तो फायलीवरचा मथळा आहे.

आता तुमच्या पाचातला एकच मथळा घेऊ, "ऑनलाईन कामाचा ताण", आणि तो शेवटपर्यंत नेऊ. खालचे उतारे मी उदाहरणासाठी रचलेत. माझ्या अभ्यासातल्या शिक्षकांनी संमतीपत्रावर सही केली ती प्रबंधासाठी, त्यांचे शब्द इथे चिकटवायची परवानगी माझ्याकडे नाही. पण अशा मुलाखती ज्यांनी घेतल्यात त्यांना बोलण्याची ही तऱ्हा ओळखीची वाटेल.

शि-२ :

> "मॅडम, शिकवाचं बाजूले राहते, पहिले फोटो टाका लागते. प्रार्थना झाली का फोटो, खिचडी झाली का फोटो, झाड लावलं का फोटो. वरून आलं म्हणजे कराच लागते. आता तं पोरंच विचारते, सर, फोटो काढाचा आहे का? पोरायले बी समजलं का फोटो निघाला म्हणजे तास झाला."

पहिल्या फेरीत बहुतेक जण इथे तीन कोड टाकतात : "ऑनलाईन काम", "फोटो", "वरिष्ठांचा दबाव". तुमच्या १९० मध्येही असे एकदोन शब्दांचे पुष्कळ असणार. आता उतारा हाताने झाका आणि फक्त कोड वाचा. शिक्षक काय म्हणाले ते कळतं का? "फोटो" यावरून फोटो हवेत की नकोत, काढले की काढले नाहीत, काहीच कळत नाही. कोड असा हवा की उतारा झाकला तरी म्हणणं हाताला लागलं पाहिजे. याच उताऱ्यावर मी असे कोड टाकीन : "शिकवण्याआधी फोटो येतो", "फोटो निघाला की काम झालं असं धरलं जातं", "मुलांनीही हा हिशेब आत्मसात केलाय", "आदेश 'वरून' येतो, देणारा माणूस दिसत नाही".

शेवटच्या कोडवर जरा थांबते, कारण असे कोड माझे विद्यार्थी सोडून देतात. "वरून आलं." कोणाकडून? केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, पुणे, मुंबई, काहीच नाव नाही. आपण सगळे असंच बोलतो म्हणून कानाला ते खटकत नाही. पण तुमच्या बारा मुलाखतींत "वरून" हा शब्द शोधून बघा. कुठे कुठे तो येतो आणि त्याच वाक्यात शिक्षक स्वतःसाठी "मी" वापरतात की "आपल्याले कराच लागते" म्हणतात, हे पाहिलं की शिक्षकांनी उघड न म्हटलेला पण बोलण्यात असलेला अर्थ सापडायला लागतो. प्रत्येक कोड एवढा खोल नको. काही कोड शिक्षकाने उघड म्हटलेलं टिपतील, काही त्याखालचं. एकाच उताऱ्यावर दोन्ही जातीचे कोड असले तर चालतं.

दुसरा उतारा, शि-४, प्रमाण मराठी बोलणाऱ्या बाई :

> "भेटीला आले तेव्हा त्यांनी वर्गाकडे पाहिलंच नाही. नोंदवही मागितली, नोंद होती, सही केली, गेले. त्याच दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलीनं पहिल्यांदा जोडाक्षर वाचलं होतं. ते मी कुठं लिहू? त्याला रकाना नाही."

यात ऑनलाईन काहीच नाही. चांगली जुनी कागदी वही आहे. तुमच्या रचनेत हा उतारा "पर्यवेक्षण" किंवा "अध्ययन-अध्यापन" खाली गेला असता आणि शि-२ च्या फोटोंशी त्याची कधी गाठच पडली नसती. मथळ्यांनी काम करण्याचं खरं नुकसान हे. दोन्ही उतारे शेजारी ठेवले की दिसतं, मोबाईल असो की वही, तक्रार एकच आहे : जे नोंदलं जातं ते पाहिलं जातं आणि जे पाहिलं जात नाही ते जणू घडलंच नाही.

म्हणून कोडांचे गट करताना मी प्रश्नावली कपाटात ठेवायला लावते. प्रत्येक कोड वेगळ्या चिठ्ठीवर, मागे मुलाखतीचा क्रमांक आणि ओळीचा क्रमांक. एक्सेलमध्ये केलं तरी चालतं : एका स्तंभात उतारा, दुसऱ्यात कोड, तिसऱ्यात शिक्षकाचा क्रमांक, चौथ्यात ओळ. माझं मन चिठ्ठ्यांकडे ओढतं, कारण सतरंजीवर पसरलेल्या चिठ्ठ्या इकडच्या तिकडे सरकवताना माणूस विचार करतो आणि एक्सेलमध्ये फक्त क्रम लावतो. नागपूरच्या मे महिन्यात कूलर सुरू असेल तर मात्र चिठ्ठ्यांवर वजन ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या दोन मुलाखती अशाच पलंगाखाली गेल्या आणि आठवड्याने सापडल्या.

गट केल्यावर माझ्या हातात पहिली कच्ची थीम आली तिचं नाव मी ठेवीन "कामापेक्षा पुरावा मोठा". नाव आकर्षक आहे, त्यावर वाद घालता येतो, शि-२ आणि शि-४ दोन्ही बसतात. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि लिहायला बसतात. मग नववी मुलाखत येते.

शि-९ :

> "लोकं म्हणते फोटोचा तरास आहे. मले तं बरं वाटते. मागं गावातल्या एकानं तक्रार केली का शाळेत खिचडी शिजतच नाही. मी ग्रुपवरचे फोटो दाखवले, तारखेसकट. तिथंच विषय खतम. फोटो नसते तं मी काय दाखवलं असतं?"

या उताऱ्याचं काय करायचं? मसुद्यांत मला दोन युक्त्या दिसतात. एक, तो वगळून टाकणं, "अपवाद" म्हणून. दुसरी, शेवटी एक ओळ घालणं : "तथापि एका शिक्षकाने सकारात्मक मत व्यक्त केले." दोन्हींत थीम जशीच्या तशी राहते आणि पुरावा गप्प होतो. खरं तर विश्लेषण इथून सुरू होतं. शि-९ वेगळं बोलत नाहीयेत. नीट ऐका, तेही हेच सांगताहेत की त्यांच्या शब्दाला किंमत नाही, फोटोला आहे. खिचडी शिजली हे त्यांनी नुसतं सांगितलं असतं तर कोणी मानलं नसतं. शि-२ ला फोटो जाचतो आणि शि-९ ला तारतो, पण दोघांचं गृहीत एकच आहे. चूक माझ्या थीममध्ये होती. "कामापेक्षा पुरावा मोठा" यात तक्रारीचा सूर पक्का बसवलेला होता, म्हणून शि-९ त्यात मावत नव्हते.

थीम बदलली : "रकान्यात मावतं तेवढंच दिसतं". रकान्याचा शब्द शि-४ बाईंचा, तो मी तसाच घेतला. आता तिच्यात ओझंही बसतं आणि ढालही. याच टप्प्यावर मी व्याख्या लिहायला लावते, दोनतीन वाक्यांत, आणि त्यात काय बसत नाही हेही लिहायला लावते. उदाहरणार्थ : "ही थीम शिक्षकांच्या या अनुभवाविषयी आहे की त्यांचं काम वरिष्ठांना आणि गावाला केवळ नोंदींतूनच दिसतं. नोंदींना लागणारा वेळ, नेटवर्क नसणं, स्वतःच्या खिशातून डेटा भरणं हे यात येत नाही, जोवर शिक्षक त्याचा संबंध दिसण्याशी लावत नाहीत." हे शेवटचं वाक्य लिहिलं नाही तर "ऑनलाईन कामाचा ताण" मागच्या दाराने परत आत येतो. आणि व्याख्या अर्धं पान झाली तर समजा की एका थीममध्ये दोन थीम कोंबल्यात.

आता लिखाण. तुमच्या मसुद्यात बहुधा असं असेल :

> अनेक शिक्षकांना ऑनलाईन कामाचा ताण जाणवतो. शि-२ म्हणतात, "शिकवाचं बाजूले राहते, पहिले फोटो टाका लागते." तसेच शि-४ म्हणतात, "त्याला रकाना नाही." यावरून शिक्षकांना ऑनलाईन कामाचा ताण असल्याचे दिसून येते.

पहिलं आणि शेवटचं वाक्य एकच आहे, मध्ये दोन अवतरणं साक्षीदारासारखी उभी केलीत. अवतरणं काढून टाकली तरी परिच्छेदाचं काही बिघडत नाही, कारण तुम्ही त्यांच्यातलं काहीच वापरलेलं नाही. तोच मजकूर मी असा लिहीन :

> नोंदी आणि फोटो यांविषयी बोलताना शिक्षक कामाच्या प्रमाणापेक्षा काम कोणाला आणि कशातून दिसतं याविषयी बोलतात. शि-४ यांच्या वर्गात एका मुलीने पहिल्यांदा जोडाक्षर वाचलं त्याच दिवशी अधिकाऱ्यांची भेट झाली. ही घटना सांगून त्या विचारतात, "ते मी कुठं लिहू? त्याला रकाना नाही." नोंदवही पूर्ण होती, तिच्यावर सहीही झाली. वहीत कमतरता राहिली असं त्या म्हणत नाहीत. वहीत मांडताच येत नाही असं काही त्या दिवशी घडलं आणि ते भेटीत कोणाच्या नजरेस पडलं नाही, हा त्यांचा मुद्दा आहे. शि-२ यांच्या वर्गात हा हिशेब मुलांपर्यंत पोचलेला दिसतो. "फोटो निघाला म्हणजे तास झाला" हे वाक्य ते मुलांची समज म्हणून सांगतात, मात्र त्याआधीची फोटोंची यादी पाहता ती समज शाळेच्या रोजच्या क्रमातून आलेली आहे. शि-९ यांचा अनुभव वरवर उलट वाटतो. गावातल्या तक्रारीपुढे तारखेसह असलेल्या फोटोंनी त्यांना वाचवलं. पण "फोटो नसते तं मी काय दाखवलं असतं?" या प्रश्नात तीच अट दडलेली आहे : फोटोवाचून शिक्षकाच्या सांगण्याला स्वतःचं वजन नाही.

इथे शि-९ चं वाक्य काढलं तर शेवटचं विधान कोसळतं. अवतरणाने असा भार उचललेला असावा. आणि अवतरणानंतरचं तुमचं वाक्य अवतरणात जे आहे तेच पुन्हा सांगत असेल तर ते खोडा. त्यातला एखादा शब्द, क्रम, प्रश्नाची तऱ्हा, टाळलेली गोष्ट यांवर बोट ठेवा. वरच्या परिच्छेदात मी "कुठं लिहू" हा प्रश्न पकडला आणि यादीचा क्रम पकडला, एवढंच केलं.

"अनेक शिक्षकांना" या शब्दाबद्दलही विचार करा. मग किती, ७ की ९? परीक्षक हमखास विचारतात आणि मुलं घाईने "१२ पैकी ७ (५८.३३%)" लिहून मोकळी होतात. बारा जणांत टक्केवारी काढू नका, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत. शिवाय मोकळ्या मुलाखतीत सगळ्यांना तोच प्रश्न त्याच शब्दांत गेलेला नसतो. उरलेले पाच फोटोंबद्दल बोलले नाहीत याचा अर्थ त्यांना तसं वाटत नाही असा होत नाही. मी "या अभ्यासातले बरेच शिक्षक" किंवा "तीन शिक्षकांनी आपणहून" असं लिहिते. तुमचे गाईड आकडा मागतीलच, तर एका तक्त्यात कोणती थीम कोणत्या मुलाखतींत आली ते क्रमांक द्या, पण युक्तिवाद त्या तक्त्यावर उभा करू नका.

बोलीचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. टंकलेखन करून देणारा माणूस "टाका लागते" चं "टाकावे लागते" करून आणतो आणि आपल्याला वाटतं किती नीटनेटकं झालं. असं करू नका. शि-२ चं वाक्य प्रमाण मराठीत आणलं की ते परिपत्रकासारखं वाचलं जातं, शिवाय मुलाखतीत शिक्षक कुठे बोली सोडून "सदर माहिती सादर करण्यात आली" अशा भाषेत शिरतात ते कळत नाही. ती उडी स्वतःच कोड करण्यासारखी असते. बहुतेक वेळा ती "मॅडम, हे रेकॉर्ड होऊन राहिलं ना?" या वाक्याच्या आसपास सापडते. म्हणून मूळ बोली ठेवा, फक्त शब्द अवघड असेल तिथे लगतच्या वाक्यात अर्थ उलगडा. प्रबंध इंग्रजीत असेल तर कोडिंग मराठी मजकुरावरच करा, भाषांतर फक्त प्रबंधात जाणाऱ्या उताऱ्यांचं. आणि मूळ मराठी परिशिष्टात द्या. "वरून आलं" याचं इंग्रजी करताना कर्ता घालण्याचा मोह होतो आणि तो घातला की तिथेच तुमचा एक कोड मरतो. एक तासाच्या ध्वनिमुद्रणाला लिहून काढायला मला पाचसहा तास लागतात. बोलीत मध्येच हिंदी येत असेल तर जास्तच. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असेल तर निदान एकदा पूर्ण ऐकत ऐकत तपासा. सहा पायऱ्यांतली पहिली ती हीच.

दुसरी स्थानिक गोष्ट, ओळख लपवण्याची. "रामटेक तालुक्यातील आदिवासीबहुल गावातील द्विशिक्षकी शाळेतील महिला शिक्षिका, वय ३८" असं लिहून शेजारी "नाव गोपनीय" लिहिणं हा विनोद आहे. एका केंद्रात मोजक्या शाळा असतात, शिक्षक एकमेकांना आणि केंद्रप्रमुख सगळ्यांना ओळखतात. तालुका, शाळेचा प्रकार, लिंग आणि वय, यांतल्या दोनतीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस सापडू शकतो. मी सहभागींचा तक्ता एकत्रित देते, म्हणजे किती स्त्रिया, किती पुरुष, सेवेची वर्षं किती ते किती, तालुके कोणते. पण कोणता क्रमांक कोणत्या तालुक्याचा हे देत नाही. वरच्या शि-४ च्या उताऱ्यात "भेटीला आले" याचा कर्ता मी मुद्दाम परत भरला नाही. ध्वनिमुद्रणात पद असतं, प्रबंधात ते गेलं तर बाईंना उद्या त्याच माणसासमोर उभं राहायचं असतं.

आणि हे :

> शि-११ : "आम्ही आधी माहिती भरतो, काम मागाहून होते. कधी कधी तं... (हसतात) जाऊ द्या, हे नका लिहू."

तुमच्या थीमला यापेक्षा चांगला उतारा मिळणार नाही, हे मलाही दिसतं. तरी तो घ्यायचा नाही. "काही शिक्षकांनी अनौपचारिकपणे सूचित केले" असं वळसा घालूनही नाही. संमतीपत्रावर सही असली तरी "नका लिहू" म्हणजे नका लिहू. (हा नमुना रचलेला आहे म्हणून इथे लिहिला.) अशा जागा प्रत्येक मुलाखतीत एकदोन येतात. लिहून काढतानाच त्या खोडून टाका, म्हणजे रात्री अकरा वाजता मोह होणार नाही.

पायऱ्या किती दाखवायच्या? सहा पायऱ्यांचा तक्ता उतरवून प्रत्येकीपुढे "ही पायरी पूर्ण केली" असं लिहिण्याने काही दाखवलं जात नाही. एक कोड धरा आणि त्याचा प्रवास सांगा. या उदाहरणात मी पद्धतीच्या प्रकरणात असं लिहीन :

> पहिल्या फेरीत "फोटो" हा कोड अनेक उताऱ्यांना दिला होता. दुसऱ्या फेरीत त्याखालचे उतारे पुन्हा वाचून तो तीन कोडांत विभागला : फोटो निघाला की काम झालं असं धरलं जातं, फोटोमुळे तक्रारीपासून संरक्षण मिळतं, फोटो पाठवण्यात वेळ जातो. पहिले दोन आणि नोंदवहीविषयीचे कोड मिळून "कामापेक्षा पुरावा मोठा" ही प्राथमिक थीम तयार झाली. शि-९ यांची मुलाखत या मांडणीत बसेना, म्हणून थीमचा गाभा बदलून "रकान्यात मावतं तेवढंच दिसतं" असं नाव दिलं. तिसरा कोड या थीममधून वगळला.

त्याला जोडून परिशिष्टात एका मुलाखतीची दोन पानं, समासात कोड लिहिलेली, आणि थीमच्या जुन्या-नव्या नकाशांचे दोन फोटो द्या. एवढं पुरतं. सगळे १९० कोड परिशिष्टात छापू नका, ते कोणी वाचत नाही. "डेटामधून थीम उदयास आल्या" हे वाक्यही लिहू नका. त्या उदयास येत नाहीत, तुम्ही सतरंजीवर बसून करता. तुम्ही स्वतः जि.प. शाळेत शिकवत असाल, किंवा घरात कोणी शिक्षक असेल, तर तेही दोन ओळींत लिहा, कारण "वरून" हा शब्द तुमच्या कानाला खटकला की नाही हे त्यावर ठरलेलं असतं.

गाईड दुसऱ्या व्यक्तीकडून कोडिंग करून घ्यायला आणि दोघांचं कोडिंग किती जुळतं ते सांगणारा "कप्पा" नावाचा आकडा काढायला सांगतील, अशी शक्यता आहे. यावर मतं वेगवेगळी आहेत. ठरलेली कोड-यादी घेऊन अनेक जण कोडिंग करतात त्या रीतीत तो आकडा अर्थाचा आहे. ब्राउन-क्लार्क यांच्या रीतीत तो बसत नाही, कारण तिथे दोन वाचकांना एकाच उताऱ्यात वेगळं दिसणं ही चूक धरलीच जात नाही. दोन्ही एकाच प्रकरणात घातलंत तर तोंडी परीक्षेत अडकाल. आराखड्यात काय लिहून दिलंय ते आधी काढून बघा आणि त्या रीतीला धरून राहा. मी मैत्रिणीला दोन मुलाखती वाचायला देते आणि तिला वेगळं काय दिसलं ते ऐकते, आकडा काढत नाही. शि-२ च्या उताऱ्यात मुलांच्या प्रश्नाकडे अशाच एका मैत्रिणीने माझं लक्ष वेधलं असतं, कारण शिक्षकाकडे बघताना मुलं माझ्या नजरेतून सुटतात, ही माझी जुनी खोड आहे.

राहिले तुमचे बाकीचे चार मथळे. "भौतिक सुविधा" ला थीम करायचा हट्ट सोडा. खोल्या किती, पाणी आहे का, वीजबिल कोण भरतं ही माहिती शाळांच्या पार्श्वभूमीत जाते, ती तिथे उपयोगी आहे. "प्रशिक्षण" चे कोड उघडून बघा, त्यातले काही रकान्याच्याच थीममध्ये येतील अशी मला शंका आहे, कारण शिक्षक प्रशिक्षणाबद्दल बोलताना हजेरीची सही आणि लिंक भरण्याबद्दलच बोलतात. "पालकांचा सहभाग" मध्ये बहुधा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पालक येत नाहीत ही एक आणि येतात ते तक्रार घेऊनच ही दुसरी. शि-९ मुळे दुसरी आता तुम्हाला वेगळी दिसेल. "अध्ययन-अध्यापन" चं मात्र मला मुलाखती न वाचता सांगता येणार नाही. त्याखालचे पाच उतारे, ओळख पुसून आणि संमती असेल तरच, इथे टाका, मग बघू.

जाता जाता एक. शिक्षकांच्या तोंडी "अशैक्षणिक काम" हा शब्द आला की तो तसाच कोड म्हणून उचलू नका. शिक्षण हक्क कायद्याचं, २००९ च्या, कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक लावू नयेत असं म्हणतं. तुमचे शिक्षक मात्र खिचडीचा हिशेब, फोटो, लिंक भरणं, निवडणुकीच्या याद्या हे सगळं एकाच शब्दात टाकतात. बारा जणांनी त्या शब्दात काय काय टाकलं आणि काय बाहेर ठेवलं याची एक चिठ्ठी करून बघा. मी रचलेल्या शि-४ बाई नोंदवहीला अशैक्षणिक म्हणत नाहीत, तुमच्या बारांत तसं कोणी आहे का हे त्या चिठ्ठीवर पहिल्यांदा दिसेल.